मदत हवी आहे : लग्नाच्या फोटोंतील फेट्याचा रंग बदलायचा आहे

मृद्गंध :
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाच्या लग्नाचा अल्बम या आठवड्यात छपाईला द्यायचा आहे. सगळी सजावट आणि वहिनींचा शालू मोरपंखी रंगात ठरलेला होता. मात्र फेटे बांधणाऱ्यांनी आयत्या वेळी दुसऱ्याच रंगाचे फेटे आणले आणि मुहूर्त गाठायचा असल्यामुळे तेच बांधावे लागले. आता निदान अल्बममध्ये तरी नवरदेवाचा फेटा मोरपंखी दिसावा, अशी आईची इच्छा आहे. मी रंग बदलून पाहिला, पण भावाचा चेहराच हिरवट झाला. नेमके काय करावे, हे कृपया लवकर सांगावे.

निळीशाई :
फेट्याचा मूळ रंग कोणता, प्रणाली कोणती वापरता आणि फोटो किती आहेत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. मोरपंखी म्हणजे गडद निळसर हिरवा की फिकट, हेही सांगा.

आबा_मिरजकर :
फेट्याचे कापड सुती असल्यास रंगाऱ्याकडून ते पुन्हा रंगवून घेता येते. मात्र भगव्यावर निळा चढवला, तर तपकिरी रंग येण्याची शक्यता अधिक असते, म्हणून आधीचा रंग उतरवून घ्यावा लागतो. काठाला जरीकाम असेल, तर रंगाऱ्याला तसे आधीच सांगावे.

मृद्गंध :
आबा, लग्न होऊन गेले आहे आणि फेटेही परत गेले आहेत. प्रश्न फोटोंचा आहे. फेटा भगवा असून त्याला जरीचा काठ आणि तुरा आहे. हवा असलेला रंग गडद आहे. माझ्याकडे फोटोशॉप आहे. फोटो छायाचित्रकारांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले आहेत.

झटपट_राव :
यात एवढे अवघड काही नाही. `Hue/Saturation` उघडा, यादीतून `Reds` आणि `Yellows` निवडा आणि `Hue`ची पट्टी सरकवा. मी माझ्या मेहुण्याचा लाल फेटा याच पद्धतीने जांभळा केला आणि तो कोणालाही ओळखू आला नाही.

कॅमेरावाला_सांगली :
झटपटराव, लालाचा जांभळा करताना पट्टी थोडीच सरकवावी लागते, त्यामुळे आपले काम निभावले असावे. इथे भगव्यापासून मोरपंखीपर्यंत जायचे आहे, म्हणजे रंगचक्राच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला. आपल्या त्वचेचा रंगही लाल आणि पिवळ्याच्या मधल्या पट्ट्यातच येतो. म्हणून पट्टी सरकवली की फेट्याबरोबर गाल, ओठ आणि मुंडावळ्यांमधली केशरी फुलेही बदलतात. मृद्गंध यांच्या भावाचा चेहरा याच कारणाने हिरवट झाला आहे. तेव्हा फेट्यापुरता मास्क केल्याशिवाय हे काम होणार नाही.

त्याआधी छायाचित्रकारांकडून मूळ फाइली मागवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रात आकार तर घटतोच, शिवाय रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा जास्त कापला जातो. त्यामुळे फेट्याचा भगवा कपाळाच्या कडेवर सांडलेला असतो आणि मास्क कितीही नेटका केला, तरी नारिंगी रेघ उरते.

मृद्गंध :
मूळ फाइली मागवल्या, आल्या. मास्क करून वर मोरपंखी रंगाचा थर दिला आणि `Color` निवडले. चेहरा वाचला, पण फेटा गडद न होता भडक फिरोजी दिसतो आहे.

कॅमेरावाला_सांगली :
तसे होणारच. `Color` फक्त रंग बदलतो, खालच्या कापडाचा उजळपणा तसाच ठेवतो. भगव्याचे आकडे साधारण लाल २५५, हिरवा १२०, निळा २० असे धरले, तर त्याचा उजळपणा १५०च्या आसपास येतो. आपल्याला हवा असलेला मोरपंखी ०, ९०, १०० असा धरला, तर त्याचा उजळपणा ६४च्या आसपास भरतो. हे अंतर आपल्याला हाताने भरून काढावे लागेल.

रंगाच्या थराखाली एक `Curves` थर घ्या, त्याची पद्धत `Luminosity` ठेवा आणि रेषेचे उजवे वरचे टोक इतके खाली ओढा की रेषा १५०च्या जागी ६४च्या जवळ येईल. हे दोन्ही थर एका गटात घालून फेट्याचा मास्क गटालाच लावा, म्हणजे कडा एकदाच दुरुस्त कराव्या लागतील. गटाची पद्धत मात्र `Pass Through`च राहू द्या. ती `Normal` झाली, तर वरच्या थराला खालचे कापड दिसत नाही आणि फेट्यावर सपाट रंग फासल्यासारखे होते.

रंगरेषा :
इतका खटाटोप कशासाठी? लाइटरूममध्ये व्यक्तीचा मास्क निवडून `Hue`ची पट्टी सरकवावी आणि तीच दुरुस्ती सगळ्या फोटोंवर उतरवावी. अल्बमच्या कामात एकेका फोटोला इतका वेळ देणे परवडत नाही.

कॅमेरावाला_सांगली :
एकरंगी ओढणी असेल, तर मीही लाइटरूमच वापरेन. फेट्याच्या बाबतीत तो मास्क कधी फेट्याला केस समजतो, तर कधी तुरा अर्धा सोडून देतो; मग प्रत्येक फोटोत हाताने दुरुस्ती करावीच लागते.

रंगरेषा :
माझा अनुभव इतका वाईट नाही. दूरच्या फोटोंत ती चूक दिसतही नाही.

सोनचाफा :
माझ्या बहिणीची ओढणी पांढऱ्या जाळीची आहे आणि ती गुलाबी करायची आहे. `Hue`ची पट्टी कितीही सरकवली, तरी काहीच बदलत नाही. असे का व्हावे?

निळीशाई :
पांढऱ्यात सरकवण्यासारखा रंगच नसतो. त्यावर गुलाबी थर देऊन `Multiply` निवडा, म्हणजे चुण्यांच्या सावल्या टिकतील. जाळीतून जिथे हात दिसतो, तिथे मास्क पांढऱ्याऐवजी राखाडी ठेवा; नाहीतर त्वचाही तितकीच गुलाबी होईल. मृद्गंध यांच्या धाग्यात हे अवांतर झाले, क्षमस्व.

मृद्गंध :
हरकत नाही. आता फेटा बराच जमला आहे, पण जरही मोरपंखी झाली आहे. शिवाय समोरच्या घड्या सपाट दिसतात.

कॅमेरावाला_सांगली :
जरीसाठी गटाच्या मास्कवर बारीक काळ्या ब्रशने काठ आणि तुरा मोकळा करा. रंगावरून निवड करू गेलात, तर जरीचा पिवळा आणि कापडाचा भगवा यांची गल्लत होते, कारण ते फार जवळचे आहेत. काठाच्या आतल्या बाजूला थोडा मोरपंखी राहू द्या. खऱ्या जरीतही धाग्यांमधून कापडाचा रंग दिसतोच.

घड्या सपाट दिसण्याचे कारण बहुधा मूळ फोटोतच आहे. तेजस्वी भगव्यात लाल वाहिनी २५५ला जाऊन टेकते आणि तिच्यातला तपशील संपतो. `Channels`मध्ये हिरवी वाहिनी एकटी उघडून पाहा. तिथे घड्या स्पष्ट दिसल्या, तर तिची नक्कल करून गटात सर्वांत खाली, `Curves`च्याही खाली, `Luminosity` पद्धतीने ठेवा आणि प्रमाण ३० ते ४० टक्क्यांपासून वाढवत न्या. नंतर `Curves`चे टोक पुन्हा जुळवून घ्यावे लागेल, कारण हिरवी वाहिनी मूळ चित्रापेक्षा गडद असते. तिथेही घड्या नसतील, तर छायाचित्रकारांकडे रॉ फाइल आहे का, हे विचारा.

मृद्गंध :
हिरव्या वाहिनीत घड्या आहेत आणि त्या आता दिसू लागल्या. मनापासून आभार. फक्त एक गोष्ट खटकते आहे : फेटा मोरपंखी, पण कपाळ आणि कानांच्या पाळ्या अजून नारिंगी दिसतात.

कॅमेरावाला_सांगली :
ती भगव्या कापडावरून परतलेल्या उजेडाची झाक आहे, विशेषतः मांडवाबाहेरच्या उन्हातल्या फोटोंत ती दिसते. कपाळाच्या वरच्या पट्ट्यावर आणि कानांवर मऊ ब्रशने वेगळा मास्क करून `Saturation` थोडे उतरवा. शेजारी गाल ठेवून तुलना करत राहा. कपाळ गालापेक्षा राखाडी वाटू लागले की मागे या. मग `Ctrl+1` दाबून पूर्ण आकारात कड तपासा. केसांजवळ नारिंगी रेघ दिसली, तर मास्क धूसर करू नका, एखादा पिक्सेल बाहेर सरकवा.

आबा_मिरजकर :
नवरदेवाचा फेटा मोरपंखी झाला, पण मागे उभ्या असलेल्या वऱ्हाडाचे फेटे भगवेच राहणार की काय?

मृद्गंध :
आबा, हाच प्रश्न काल रात्रीपासून घरात चालू आहे. समूहछायाचित्रात वीस-पंचवीस जणांच्या डोक्यावर तोच भगवा आहे. आई म्हणते की सगळे बदल, तर भाऊ म्हणतो की नवरदेव वेगळा दिसलेलाच बरा.

रंगरेषा :
समूहासाठी तरी माझा लाइटरूमचा मार्ग एकदा करून पाहा.

कॅमेरावाला_सांगली :
समूहात प्रत्येक डोके लहान असते, त्यामुळे तिथे रंगरेषा यांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र आधी एक पान छापून पाहा. पडद्यावरचा मोरपंखी कागदावर बऱ्याचदा मळकट निळा होऊन उतरतो, आणि तसे झाले, तर वीस-पंचवीस फेटे पुन्हा जुळवत बसावे लागेल.