पैठणीवर आणि सोफ्यावर अत्तर सांडलंय, काय करू?

जाईजुई
काल घरीच भाचीचा साखरपुडा होता. सोफ्यावर बसून पाहुण्यांच्या हाताला हिना अत्तर लावत होते, कुपी हातातून सटकली. मोरपिशी पैठणीच्या निऱ्यांवर रुपयाएवढा काळपट डाग पडलाय, सोफ्याच्या पॉलिएस्टर कापडावर त्याहून मोठा. वासाने डोकं उठलंय. पाणी अजून कशालाच लावलेलं नाही.

खटपट्या
कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसा. माझ्या शर्टावरचा सेंटचा डाग असाच गेला होता.

परीटघडी
स्प्रेच्या डागाला स्पिरिट चालेल, तेही पांढऱ्या सुती कापडावर. पैठणीला नको, रंग फुटेल. शिवाय कुपीतलं अत्तर म्हणजे तेल. पाणी लावलं नाहीत हे उत्तम केलंत, रेशमावर पाण्याचाच वेगळा डाग पडतो.

साडी सपाट पसरा, डागाखाली जुना पांढरा पंचा घाला. वरून टिश्यू नुसता दाबा, घासू नका, घासलं की रेशमाची लव उठते. मग डागावर कॉर्नफ्लॉवरचा जाड थर द्या. सकाळी पीठ ओलसर, गोळे झालेलं दिसलं तर तेल निघतंय, मऊ ब्रशने झटकून पुन्हा नवं घाला. पीठ कोरडंच राहायला लागलं की थांबा. उरलेला डाग ड्रायक्लीनवाल्याकडे. ‘अत्तर आहे, तेलाचा डाग’ असं सांगून द्या, नाहीतर तो आधी पाणी मारेल. तोवर इस्त्री अजिबात नको, उष्णतेने तेल पिवळं पडून धाग्यात बसतं.

मिरजेची माई
आमच्या ह्यांच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास येतो, त्यालाही कॉर्नफ्लॉवर चालेल का?

परीटघडी
नाही माई, तिथे तेल नाहीच. आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर टांगा.

जाईजुई
आणि सोफा? बादलीभर साबणाचं पाणी ओतू का?

परीटघडी
ओतू नका हो! आतला फोम भिजला तर अत्तराच्या जोडीला कुबट वास. आधी तिथेही पीठ. मग वाटीभर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे ४-५ थेंब घालून फेस काढा. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी लावून रंग उतरतो का बघा. नाही उतरला तर फक्त फेस फडक्यावर घेऊन कडेकडून मधे टिपत या. साध्या ओल्या फडक्याने साबण टिपून घ्या, पंखा लावा. खडखडीत वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम.

खटपट्या
व्हिनेगर?

परीटघडी
सोफ्याला पातळ करून चालेल. जरीजवळ नको, काळवंडेल.

जाईजुई
तीन रात्रींनंतर: पैठणीवर आता नुसती कड दिसतेय, उद्या दुकानात देते. सोफ्याचा डाग गेला, पण दुपारी ऊन आलं की हिना दरवळतोच. फोममध्ये उतरला असेल का?

परीटघडी
तसंच दिसतंय. चेन असेल तर कव्हर काढून फोमचा वास घेऊन बघा.