जेवून आलं की हॉटस्पॉट बंद!

ए-२०३: नमस्कार मंडळी. रस्ता खोदल्यापासून घरचं नेट बंद आहे, म्हणून चादरींची बिलं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करतोय. दुपारी जेवून येईपर्यंत हॉटस्पॉट आपोआप बंद झालेला असतो. फोन बिघडला का?

सी-१०४: काका, बॅटरी कमी असेल. माझा पण जातो.

बी-३०१: काका, फोन चांगला आहे. जेवायला जाताना लॅपटॉप मिटवता ना? बहुतेक लॅपटॉप झोपले की वायफाय सोडतात. मग फोनच्या हिशोबी जोडलेली उपकरणं शून्य. तिथून घड्याळ सुरू होतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ही मुदत साधारण १० मिनिटांची असते, तेवढ्यात कुणी जोडलं नाही तर बॅटरी वाचावी म्हणून हॉटस्पॉट बंद. नेट वापरलं की नाही हे फोन बघत नाही, कुणी जोडलेलं आहे का एवढंच बघतो.

ए-२०३: पण कुणी वापरतच नाही तर बॅटरी खातो कशाला?

बी-३०१: हाच खरा मुद्दा. वायफाय घेणाऱ्याला मधेमधे डुलकी घेता येते, देणाऱ्याला नाही. "मी इथं आहे" असा इशारा तो सेकंदाला सुमारे १० वेळा देत राहतो आणि कुणी येतंय का म्हणून कान उघडे ठेवतो. समोर कुणी नसलं तरी हे चालूच. म्हणून बंद करण्याची सोय दिली आहे.

हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये `Turn off hotspot automatically` किंवा `Timeout` असं काहीतरी दिसेल, ते बंद करा. पण मग फोन चार्जरला लावा, खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तापलेला फोन स्वतःहून हॉटस्पॉट बंद करू शकतो.

डी-४०२: दादा, माझा तर मुलीचा क्लास चालू असतानाच जातो. आयफोन नाही, अँड्रॉइडच आहे.

बी-३०१: ताई, मग तुमचं कारण वेगळं. लॅपटॉप जोडलेला असताना हे घड्याळ चालत नाही. बॅटरी सेव्हर किती टक्क्यांना आपोआप लागतो ते बघा. काही फोन तो लागला की हॉटस्पॉटही बंद करतात. क्लासच्या आधी तो काढून ठेवा. फोन हाताला गरम लागतो का, तेही बघा. आणि `Data Saver` चालू असेल तर हॉटस्पॉट सुरूच होत नाही, बटण फिकं दिसतं.

सी-१०४: आयफोनला कुठंय ते टायमर?

बी-३०१: तिथं तसं सेटिंग नाही. `Personal Hotspot` चा स्क्रीन उघडा ठेवा, लॅपटॉप जोडला गेला की मगच बाहेर या.

ए-२०३: `Timeout` सापडलं. पाच, दहा, वीस मिनिटं, एक तास असे पर्याय आहेत.

बी-३०१: एक तास ठेवा काका. जेवणं आटोपतील आणि संध्याकाळी विसरलात तरी फोन रात्रभर जागा राहणार नाही.