अनुभव धागा: वार्षिक सभेत खजिनदाराने वर्षाचा खर्च पाच मिनिटांत कसा मांडावा?

धागाकर्ता
सोसायट्यांच्या वार्षिक सभांचे दिवस आले. ३१ मार्चला वर्ष संपतं आणि ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची असते, म्हणजे खजिनदारांची भाषणं आता आलीच. पत्रक छापील असतं, तरी उभं राहून चार वाक्यं बोलावी लागतात आणि गाडी तिथेच अडते. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी नेमकं काय बोलावं, काय टाळावं ते लिहा. घरातलं रामायण नको, कामाचं लिहा.

जुना_खजिनदार
सगळ्यात जास्त गोंधळ एकाच प्रश्नावर होतो: "वाढावा दाखवताय, मग बँकेतले पैसे कमी कसे झाले?" भाषणाचा निम्मा वेळ या प्रश्नाच्या उत्तरासाठीच ठेवा. आकडे घेऊन सांगतो.

४० फ्लॅट, दरमहा २,५०० मेंटेनन्स, म्हणजे वर्षाची आकारणी १२,००,०००. खर्च ११,६०,०००. पत्रकात वाढावा ४०,०००. पण बँक वर्षाच्या सुरुवातीला ३,१०,००० होती, शेवटी २,००,००० राहिली. म्हणजे १,१०,००० ने घटली. सभासदांना इथेच काहीतरी शिजतंय असं वाटतं.

खरं उत्तर दोन ओळींचं आहे. बिलं १२ लाखांची गेली, पण त्यातले १,७०,००० आलेच नाहीत, थकबाकीत वाढले. उलट मार्चचं पाण्याचं २०,००० चं बिल खर्चात धरलंय, पण ते चुकवलं एप्रिलमध्ये, म्हणून तेवढे पैसे ३१ मार्चला बँकेतच होते. ४०,००० मधून १,७०,००० वजा करा, २०,००० मिळवा, उणे १,१०,००० येतं. हा हिशेब पत्रकाच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात छापा आणि भाषणात बोट ठेवून वाचा.

हिशेबी_काका
एवढं करण्यापेक्षा सिंकिंग फंडाची आणि दुरुस्ती निधीची वर्गणीही जमेला दाखवावी. फ्लॅटमागे महिन्याला ५०० धरले तर २,४०,००० होतात. वाढावा २,८०,००० दिसेल, सभा शांत.

जुना_खजिनदार
काका, पैसे बँकेत येतात हे तुमचं बरोबर. जमा-नावे पत्रकात ते दिसतीलच. पण उत्पन्न-खर्च पत्रकात ते उत्पन्न नव्हे. ती रक्कम थेट ताळेबंदात निधीच्या खात्यावर जाते. उत्पन्न म्हणून दाखवलीत तर पुढच्या रांगेतून पहिला प्रश्न येईल, "२,८०,००० उरले, तर मेंटेनन्स कमी करा." वर लेखापरीक्षक शेरा मारेल तो वेगळाच. माझ्या उदाहरणात हे २,४०,००० आले आणि तेवढ्याच रकमेची मुदत ठेव केली, म्हणून बँकेच्या आकड्यावर परिणाम झाला नाही. ठेवींवरचं व्याज सोपेपणासाठी सोडलंय.

हिशेबी_काका
ठीक. पण भाषणात ठेवीचा उल्लेख हवाच. नाहीतर २,४०,००० गेले कुठे, हा दुसरा प्रश्न तयार.

पहिला_मजला
आमच्याकडे तळमजल्यावाल्यांकडूनही लिफ्टच्या खर्चाचे पैसे घेतात. ते पत्रकात कुठे दाखवतात?

धागाकर्ता
तो खर्चाच्या वाटणीचा प्रश्न आहे, मांडणीचा नाही. आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च सगळ्यांवर सारखाच येतो. जास्त चर्चेसाठी वेगळा धागा काढा.

पासबुकवाली
एक गोष्ट कुणी लिहिली नाही. सभेत कुणीतरी मोबाइलवर बँकेच्या स्टेटमेंटचा फोटो दाखवतं: "यात तर २,३५,००० आहेत, तुम्ही २,००,००० म्हणता." कारण साधं असतं. २९ मार्चला लिफ्ट कंपनीला दिलेला ३५,००० चा चेक ४ एप्रिलला वटला. वहीत तो मार्चमध्येच गेला, बँकेत नाही. अशा न वटलेल्या चेकांची चार ओळींची यादी, नंबर आणि वटल्याच्या तारखेसह, खिशात ठेवायची. भाषणात आपणहून बोलू नका, विचारलं की वाचा. आणि यादीत सहा महिन्यांपूर्वीचा चेक दिसला तर सभेच्या आधीच त्याचा छडा लावा. चेकची मुदत तीन महिन्यांची असते, म्हणजे तो आता वटणारच नाही.

कमी_बोला
मी तर म्हणेन, खर्चाची सगळी शीर्षकं वाचूच नका. पत्रक सूचनेबरोबर घरोघरी गेलेलं असतं. सूचनेला पूर्ण १४ दिवस द्यावे लागतात, वाचायला वेळ मिळालेला असतो. फक्त गेल्या वर्षाच्या तुलनेत जे वाढलं ते बोला, आणि प्रत्येक वाढीला कारण जोडा. "महागाई" हे कारण नव्हे. मसुदा असा:

"नमस्कार. मागच्या वर्षी खर्च १०,४०,००० होता, यंदा ११,६०,०००. वाढ १,२०,००० ची. त्यातले ७०,००० सुरक्षा रक्षकांचे: जूनपासून रात्रीचा एक रक्षक वाढवला, तो ठराव मागच्या सभेत झाला होता. ३०,००० पाण्याचे, उन्हाळ्यात टँकर मागवले, बिलं फाइलमध्ये आहेत. उरलेले २०,००० किरकोळ बाबींत विखुरलेत, पान दोनवर आहेत. पत्रकात ४०,००० वाढावा असला तरी बँक १,१०,००० ने घटली, कारण थकबाकी १,७०,००० ने वाढली. त्याचा हिशेब पान तीनवर आहे. निधीचे २,४०,००० मुदत ठेवीत आहेत. हे सगळं ३१ मार्चपर्यंतचं. प्रश्न असतील तर पान क्रमांक सांगून विचारा."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. पान क्रमांक मागितला की निम्मे आरोप प्रश्न होऊन येतात.

पासबुकवाली
"३१ मार्चपर्यंतचं" हे वाक्य पहिल्या ओळीत आणा. जुलैत रंगकाम झालं असेल तर लोक तोच खर्च पत्रकात शोधत बसतात.

सचिव_नाही_मी
थकबाकी बोलताना फ्लॅट नंबर घ्यावेत का? १,७०,००० पैकी १,१०,००० दोनच फ्लॅटचे असतील तर सगळ्यांना दोषी ठरवल्यासारखं होतं. नंबर घेतले की मात्र भांडण.

जुना_खजिनदार
भाषणात घेऊ नयेत. "दोन फ्लॅटकडे १,१०,०००, बाकी ६०,००० अनेकांचे थोडे थोडे" एवढं पुरे. कुठल्या प्रकारची थकबाकी आहे ते कळतं, वसुलीचा विषय वेगळा घेता येतो.

कमी_बोला
मला पटत नाही. थकबाकीदारांची यादी ताळेबंदाच्या परिशिष्टात असतेच, मग तोंडाने सांगायला लाज कसली? शिवाय त्या दोघांपैकी एक जण हमखास पुढच्या रांगेत बसून खर्चाबद्दल प्रश्न विचारत असतो.

पासबुकवाली
आणि त्याच्या बिलावर वाद चालू असेल तर? वादातली रक्कम सरसकट "थकवली" म्हणून जाहीर केली की खजिनदाराच्याच अंगाशी येतं. यादी छापताना तरी "वादग्रस्त" असा वेगळा रकाना ठेवा.

सचिव_नाही_मी
रकाना ठीक आहे. पण ती रक्कम १,७०,००० च्या आत धरायची की बाहेर?

जुना_खजिनदार
आतच. बिल गेलंय म्हणजे उत्पन्नात धरलंय. बाहेर काढलीत तर ४०,००० चा वाढावाही बदलेल आणि पान तीन जुळणार नाही.