ऑफर लेटरमधला स्थलांतर खर्च

«नागपूरहून पुण्याला आलो. ऑफर लेटरमध्ये "प्रत्यक्ष खर्चानुसार, कमाल ५०,००० रुपये" असं आहे. एचआर नुसतं बघू म्हणतंय. कसं मागू?»

तोंडी विचारणं थांबवा, आजच ईमेल करा. पत्रातलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवा, रुजू झाल्याची तारीख लिहा आणि दावा कोणत्या फॉर्ममध्ये, किती दिवसांत द्यायचा ते विचारा. बऱ्याच कंपन्यांत बिलं देण्याची मुदत असते, आणि "बघू, बघू"मध्ये ती निघून जाते.

"प्रत्यक्ष खर्चानुसार" म्हणजे बिलांइतकेच पैसे. समजा सामान २६,०००, तिकिटं ४,००० आणि सुरुवातीचं हॉटेल ८,०००, तर दावा ३८,००० चाच. उरलेले १२,००० मिळत नाहीत. घराचं डिपॉझिट यात सहसा धरत नाहीत, कारण ते परत मिळतं. दलालीचं मात्र विचारून घ्या.

दावा बहुतेकदा अडकतो तो पॅकर्सच्या कागदावर. कोटेशन किंवा साधी पावती अकाउंट्सवाले परत पाठवतात. तुमच्या नावाचं, जीएसटी क्रमांक असलेलं बिल, सामान गाडीने नेल्याची वाहतूकदाराची पावती म्हणजे बिल्टी आणि बँकेतून पैसे दिल्याची नोंद, तिन्ही जोडा. बिल मिळालं नसेल तर पॅकर्सकडे लगेच मागा, महिने उलटले की ते टाळाटाळ करतात.

पैसे पगारातून भत्ता म्हणून येणार की बिलांवर परतावा म्हणून, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. सरसकट भत्ता पगारात धरला तर टीडीएस कापला जाऊन हातात कमी येतं. आणि वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास वसुलीची अट आहे का, ते पत्रात नीट वाचा.