तेराव्यालाच जमीन विकणारा नायक पटतो का?

ओझरकर: कादंबरीचं पहिलं प्रकरण लिहितोय. वडील गेले, मुलगा पुण्याहून निफाडकडच्या गावी येतो, रामकुंडावर दशक्रिया, आणि तेराव्याच्या संध्याकाळी दोन एकर वडिलोपार्जित द्राक्षबाग विकून मोकळा. मित्र म्हणतो हे पटत नाही. तुम्हाला?

तलाठ्याचा पोर: मित्र बरोबर बोलतोय. सातबारा अजून वडिलांच्याच नावावर, मग खरेदीखत कोण करून देणार? आधी वारसनोंदीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, मग तलाठी फेरफार धरणार, नोटीस निघणार, हरकतीला 15 दिवस, आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करणार. महिना तरी धरा. आई-बहीण असेल तर त्यांचीही नावं लागतात, त्यांच्या सहीशिवाय पूर्ण बाग विकता येत नाही.

गोदाकाठ: अहो कादंबरी आहे की महसूल खात्याचा अर्ज? वाचक फेरफार वाचायला येत नाही. इसार घेतला दाखवा, विषय संपला. गावात असंच होतं.

तलाठ्याचा पोर: होतं की, नाही कोण म्हणतंय. पण पोराने एकट्याने घेतलेला इसार बहिणीच्या हिश्श्याला लागू नाही. म्हणजे याच्या खिशात पैसे आलेत, शब्द दिलाय, आणि विकायला आहे फक्त स्वतःचा हिस्सा. इथूनच गोष्ट पेटते.

सिडकोवाला: बहीण लग्न होऊन गेली ना, तिचा काय संबंध? आणि वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल तर प्रश्नच मिटला.

तलाठ्याचा पोर: मृत्युपत्राचं अर्धं खरं, वडिलोपार्जित जमिनीत ते वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतंच चालतं. लग्नाचं मात्र साफ चूक, 2005 च्या दुरुस्तीपासून मुलगी मुलाइतकीच हक्कदार.

पिंपळगावची ताई: माझ्या भावाने रामकुंडावरून घरी आल्या आल्या हक्कसोडीचा विषय काढला, वर म्हणे फक्त एक सही. अहो ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, दोन साक्षीदार लागतात, फक्त सही कसली. मी नाही केली, आता माहेरी जाते तर वहिनी चहासुद्धा विचारत नाही. तुमच्या गोष्टीत बहीण आहे का ते सांगा आधी.

ओझरकर: नव्हती घातली. आता घालतो.

गोदाकाठ: घाला पण ऑफिसात नका नेऊ. महिना गावात अडकवायचाच असेल तर सप्टेंबर धरा, ऑक्टोबर छाटणी तोंडावर येईल. छाटायची तर मजूर टोळीला आधीच सांगावं लागतं, छाटल्या छाटल्या डोळ्यांना पेस्ट, पुढे फवारण्या, सगळा खर्च याच्या खिशातून. नाही छाटली तर वर्षाचं पीक गेलं आणि घेणारा भाव पाडणार. विकायला आलेला माणूस बागेवर पैसे लावतो का, हे दाखवा.

सिडकोवाला: इसाराच्या पैशातूनच छाटतो दाखवा ना.

पिंपळगावची ताई: म्हणजे बहिणीला न विचारता? मग ती हरकत घेणारच, मी तर घेतली असती.

गोदाकाठ: घेऊ दे, पण दुसऱ्या प्रकरणात.