नाशवंतता ओळखायची ती उपायावरून

"सेवा दिसतही नाही आणि साठवताही येत नाही, मग सेवांच्या मार्केटिंगवरच्या क्विझमध्ये अमूर्तता आणि नाशवंतता वेगळी कशी ओळखायची?"

यावर व्याख्या पाठ करा असं सुचवलं जातं, पण प्रश्न बहुतेक वेळा उपायावर येतो. गणवेश, फोटो, ग्राहकांचे अभिप्राय असे पर्याय दिसले की अमूर्तता, कारण न दिसणाऱ्या सेवेचा पुरावा द्यायचा असतो. आगाऊ बुकिंग, गर्दीच्या वेळी जादा माणसं, गर्दी नसताना कमी दर हे सगळे उपाय नाशवंततेवरचे. मागणी आणि क्षमता यांचा मेळ तिथे घालायचा असतो.

पंचवटीत काकांच्या लॉजवर मी दोन वर्षं काउंटर सांभाळला. खोल्या वीस. शनिवारी सगळ्या भरायच्या, मंगळवारी जेमतेम आठ. मंगळवारच्या उरलेल्या बारा खोल्या शनिवारच्या गर्दीला देता येत नाहीत, हीच नाशवंतता. दर १५०० रुपये आणि भरलेल्या खोलीमागे धुणं-पाणी-वीज धरून खर्च ३००. म्हणून ९०० ला दिली तरी ६०० सुटायचे. त्या दराने पाच खोल्या जास्त गेल्या की ३००० मिळाले.

पण आधीच्या आठ जणांनीही ९०० च दिले, तर प्रत्येकी ६०० प्रमाणे ४८०० गेले, म्हणजे उलट १८०० चा तोटा. म्हणून काकांनी सवलतीला अट घातली: दोन रात्री आणि आठवडाभर आधी बुकिंग. दर्शनाला अचानक येणारे पूर्ण दरच द्यायचे. 'सरसकट सवलत' आणि 'वेळेनुसार वेगळे दर' असे दोन्ही पर्याय आले तर दुसरा निवडा.