मदत हवी आहे: आयफोन आणि सोनीचं फुटेज एका टाइमलाइनवर जुळत नाही

कोटमगावकर
येवल्यातल्या एका पैठणी विणकर काकांवर छोटी फिल्म करतोय. मुलाखतीला समोरून सोनीचा कॅमेरा होता, `S-Log3` आणि `S-Gamut3.Cine` वर. बाजूने आयफोन, त्याच्या नेहमीच्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये, एचडीआर चालू. खोलीत डावीकडून खिडकीचा उजेड आणि डोक्यावर एलईडी ट्यूब. एडिट डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये, शेवटी यूट्यूबसाठी साधं `Rec.709`.

सोनीवर एक लट लावली, चित्र छान उठलं. मग फोनचे शॉट व्हील्स फिरवून त्याच्या जवळ आणायला बसलो. काकांचा चेहरा जुळला की भिंत निळी पडते, भिंत सावरली की चेहरा पिवळा. मागावर वांगी रंगाची पैठणी चढवलेली आहे. सोनीत ती वांगीच दिसते, फोनमध्ये शाईसारखी निळसर. शिवाय काका धोटा टाकायला पुढे वाकले की फोनचा शॉट मध्येच उजळतो. सुरुवात कुठून करू? पुन्हा शूट करणं शक्य नाही, ती पैठणी मागावरून उतरली.

मयूरी_कट्स
एवढं हाताने कशाला करताय? फोनचे सगळे शॉट सिलेक्ट करा, सोनीच्या शॉटवर राइट क्लिक करून `Shot Match to this Clip`. आणि पुढच्या वेळी फोनचं एचडीआर बंद करा, सगळा घोळ त्याचाच असतो.

जुना_संकलक
मयूरी, घोळ एचडीआरचा आहे हे बरोबर, पण शूट झालंय. आणि `Shot Match` दोन्ही फ्रेममधल्या सगळ्या रंगांचा हिशेब लावतं. सोनीच्या फ्रेममध्ये खिडकी नसेल आणि फोनच्या फ्रेममध्ये असेल, तर ते खिडकीचा पांढरा उजेड जुळवायला जाईल आणि काकांचा चेहरा काळवंडेल.

कोटमगावकर, तुमची अडचण व्हील्सच्या आधीची आहे. आयफोनचं एचडीआर `Rec.2020` मध्ये, एचएलजी वक्रावर रेकॉर्ड होतं. टाइमलाइन ते `Rec.709` समजून दाखवते, म्हणून रंग मलूल आणि चेहरे फिके. सोनीवर तुम्ही लट लावलीत, म्हणजे ते शेवटच्या रूपात पोचलं. आता दोन वेगळ्या भाषा बोलणारी चित्रं तुम्ही व्हील्सने एकसारखी करताय. त्यात एक सावरलं की दुसरं बिघडणारच.

लट काढा. दोन्हीकडे पहिल्या नोडवर `Color Space Transform` लावा, टोन मॅपिंग `None` ठेवा:

```
सोनी:   S-Gamut3.Cine / S-Log3
आयफोन: Rec.2020 / Rec.2100 HLG
दोन्हींचं आउटपुट: DaVinci Wide Gamut / DaVinci Intermediate
```

मग सगळ्या क्लिपचा एक ग्रुप करा आणि त्याच्या `Group Post-Clip` मध्ये तिथून `Rec.709`, `Gamma 2.4` ला आणणारा आणखी एक ट्रान्सफॉर्म, त्यात टोन मॅपिंग `DaVinci`. तुमचं सगळं काम या दोन टोकांच्या मध्ये. आधी एवढं करून बघा, निम्मा फरक व्हील्सला हात न लावता जाईल.

लग्नशूट_नाशिक
मी प्रीमियरवर आहे. दोन सॅमसंग फोन वापरतो, एकाचा आवाज तासाभरात पुढे सरकतो. हेच कारण असेल का?

जुना_संकलक
नाही, तो रंगाचा प्रश्न नाही. बरेच फोन फ्रेम रेट कमी-जास्त करत रेकॉर्ड करतात, त्याने आवाज सरकू शकतो. क्लिप मीडियाइन्फोमध्ये उघडून `Frame rate mode` समोर `Variable` आहे का बघा. असेल तर एडिटच्या आधी स्थिर फ्रेम रेटवर रूपांतर करून घ्या. सविस्तर वेगळ्या धाग्यात विचारा, इथे मिसळलं तर कुणालाच सापडणार नाही.

कोटमगावकर
दादा, केलं. चेहरा आणि भिंत आता एका घरातली वाटतात. पण फोन अजून थोडा निळसर आहे आणि मध्येच उजळण्याचं तसंच आहे.

जुना_संकलक
उजळणं आधी काढा. वर-खाली होणारा शॉट दुसऱ्याशी जुळवायला गेलात तर फक्त एका फ्रेमवर जुळेल. काका वाकले की फ्रेममध्ये अंधार वाढतो, म्हणून फोन एक्स्पोजर चढवतो. ट्रान्सफॉर्मनंतर एक नोड फक्त याच कामाला ठेवा. वेव्हफॉर्मवर मागाच्या लाकडी खांबासारखी जागची न हलणारी वस्तू धरा. ती रेघ वर जायला लागते तिथे एक कीफ्रेम, स्थिरावते तिथे दुसरी, आणि `Offset` ने ती मूळ उंचीवर आणा. या लॉग जागेत `Offset` एक्स्पोजरसारखंच वागतं, म्हणून गामापेक्षा ते बरं. ट्यूबच्या बाजूला फोनने व्हाइट बॅलन्सही हलवला असेल, तर पॅरेडमधले तीन रंग वेगवेगळे सरकलेले दिसतील.

मग पुढच्या नोडवर निळसरपणा. दोन्ही अँगलमध्ये दिसणारी पांढरी वस्तू कुठली?

कोटमगावकर
काकांची टोपी. दोन्हीकडे आहे.

जुना_संकलक
उत्तम. पण टोपीची एकच बाजू धरा, खिडकीकडची. ट्यूबकडच्या बाजूशी तुलना केलीत तर उजेडातला फरक कॅमेऱ्याच्या माथी माराल. व्ह्युअरवर राइट क्लिक करून `Show Picker RGB Value` चालू करा आणि दोन्ही शॉटमध्ये त्याच जागी कर्सर न्या.

कोटमगावकर
सोनीत 205, 203, 198. फोनमध्ये 188, 201, 222.

जुना_संकलक
हिरवा जवळपास जुळतोय, म्हणजे एक्स्पोजर ठीक आहे. फक्त लाल वर आणि निळा खाली न्यायचाय. 2-3 अंकांच्या आत आणा आणि थांबा. सोनीची टोपी किंचित उबदार आहे, ती तशीच राहू द्या, तिला पांढरीफटक करायला जाऊ नका. त्यानंतर मागाखालची सावली बघा. फोन अंधार स्वतःच उचलून ठेवतो, तो कर्व्हच्या खालच्या टोकाने थोडा दाबा. फोनची कडक धार टोचत असेल तर `Mid/Detail` जरा उणे करा.

कोटमगावकर
टोपी जुळली, चेहराही. खरंच मनापासून आभार. वांगी मात्र अजून निळाच आहे.

मयूरी_कट्स
`Hue vs Hue` मध्ये जांभळा पकडून लालकडे ढकला ना.

जुना_संकलक
इथे मयूरीचं ऐका. दोन सेन्सर एकाच रेशमाकडे वेगवेगळ्या नजरेने बघतात, त्यातून एलईडीचा उजेड, त्यामुळे टोपी जुळली तरी गडद जांभळा जुळेलच असं नाही. फक्त आधी पॅरेडमध्ये निळा चॅनेल वरच्या टोकाला सपाट चिकटलाय का ते बघा. चिकटला असेल तर रेशमाची वीण गेली, रंग फिरवून ती परत येणार नाही.

कोटमगावकर
सपाट नाही. पण जांभळा ढकलला की काकांमागची निळी खुंटीवरची लडीही गुलाबी होते. मास्क लावला तर मागाच्या हालचालीबरोबर तो ट्रॅक होत नाही, धोटा मध्ये आला की सुटतो.

मयूरी_कट्स
मास्क कापडावर नको, लडीवर लावा. ती हलत नाही. तिला वगळून बाकी फ्रेमवर `Hue vs Hue`.

जुना_संकलक
हे चालेल. एक शंका मात्र राहते: सोनीतला वांगी खरा आहे हे कशावरून? काकांकडून त्या रेशमाचा तुकडा मिळाला तर दिवसाउजेडी दोन्ही शॉटशेजारी धरून बघा. कदाचित खरा रंग दोघांच्या मध्ये कुठेतरी असेल आणि सोनीलाही थोडं हलवावं लागेल.

कोटमगावकर
लडीवर मास्क लावून बघतो. तुकडा काकांकडे मागतो, गुरुवारी येवल्याला जाणार आहे. काठाची जर दोन्ही शॉटमध्ये वेगळी चमकते, फोनमध्ये चांदीसारखी पांढरट. ती टोपीच्या दुरुस्तीनेही बदलली नाही. त्याचं काही करता येईल का?